मक्याचा दाणा आणि पचनाची शंका

उकडलेल्या कणसाचा एक दाणा सोडवून घ्या आणि तळहातावर ठेवा. घाई नको. बोटांत धरून हलकेच दाबा. आतला गर मऊ आहे, तरी दाणा लगेच फुटत नाही. काहीतरी त्याला धरून ठेवतंय. आता तो पुढच्या दातांनी अर्धा करा आणि आतला दुधाळ गर जिभेने पुसून घ्या. मागे राहते ती पातळ, थोडी चिवट, अर्धपारदर्शक साल. ती चावून पाहा. तिचे तुकडे होतील, पण ती विरघळणार नाही. तिला स्वतःची अशी चवही जवळजवळ नाही.

या सालीपाशीच आपल्याला थोडा वेळ थांबायचं आहे. पावसाळ्यात कणसं खाल्ल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शौचात पिवळे दाणे जसेच्या तसे दिसतात आणि मन चरकतं. पोट काम करत नाही का? खाल्लेलं अंगी लागत नाही का? लहान मुलाच्या बाबतीत तर घरातली वडीलधारी माणसं लगेच म्हणतात, “याचा अग्नी मंद झालाय, काही पचत नाही याला.” या काळजीमागे माया असते. म्हणूनच शौचात जे दिसलं ते नेमकं काय होतं, हे शांतपणे पाहू.

मक्याच्या दाण्याचे तीन मुख्य भाग असतात. सगळ्यात मोठा आतला पिठूळ भाग. वाळलेल्या दाण्याचं ८० टक्क्यांहून अधिक वजन त्याचं असतं. दुसरा अंकुर, त्यात तेल असतं. तिसरी साल, वजनाने फक्त पाच-सहा टक्के. म्हणजे शौचात ज्याचं दर्शन होतं, तो दाण्याचा जेमतेम विसावा भाग. पण आकार सालीचा असतो, आणि डोळा आकारच ओळखतो.

आता डोळे मिटा आणि कल्पनेने एका दाण्याबरोबर खाली उतरा.

पहिला मुक्काम तोंड. लाळेत पिष्ट तोडणारं विकर असतं, पण ते सालीच्या बाहेरून आत शिरू शकत नाही. साल फोडण्याचं काम दाढांचंच. दाढ बसली तर गर उघडा पडतो. नाही बसली, तर दाणा तसाच गळ्याखाली जातो. कणीस खाताना आपण पुढच्या दातांनी दाण्यांची ओळ कापत जातो, तोंड भरतं, दाणे गुळगुळीत असल्यामुळे निसटतात, आणि बरेचसे दाढेखाली न येताच गिळले जातात. भात किंवा भाकरीचा घास तोंडात मऊ होतो. दाणा मात्र चुकवला की चुकला.

दुसरा मुक्काम जठर. इथे तीव्र आम्ल आहे आणि घुसळण आहे. जठर अन्न दळत राहतं आणि एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच पुढे सोडतं. आख्खा दाणा त्या मापाला बसत नाही, म्हणून तो मागे थांबतो. जेवण संपून पोट रिकामं झालं की जठरातून एक जोरदार लाट येते, अंदाजे दर दीड-दोन तासांनी, आणि ती उरलेसुरले मोठे तुकडे एकदम पुढे ढकलते. आख्खा दाणा याच लाटेबरोबर बाहेर पडतो. आम्लात तास न् तास राहूनही त्याची साल फारशी बदलत नाही. जेवणाआधी भूक लागून पोटात गुडगुड होते ना, त्यातली बरीचशी याच साफसफाईची असते.

तिसरा मुक्काम लहान आतडं. इथे स्वादुपिंडाची विकरं येऊन मिळतात. साल कुठेही चिरली असेल, किंवा कणसापासून दाणा तुटताना त्याचं टोक उघडं पडलं असेल, तर तिथून पाणी आणि विकरं आत जातात. पिष्टाची साखर होऊन ती रक्तात जाते. साल जागच्या जागी राहते. पुढे मोठ्या आतड्यात या मोकळ्या पिशवीत मळ शिरतो, आणि ती पुन्हा भरल्यासारखी दिसते. शौचात दिसणारा “आख्खा दाणा” अनेकदा असा असतो: गर कधीच अंगी लागलेला, उरलं फक्त वेष्टन. काडीने दाबलं तर ते चपटं होतं, सुरकुततं. जो दाणा खरोखर न चिरता गेला, तो मात्र घट्ट लागतो. त्याचा गर वाया गेला हे खरं, पण त्याचं कारण तोंडात आहे.

आता त्या सालीकडे परत या. ती का तुटत नाही?

पिष्ट आणि सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेच्या रेणूंनी बनलेले असतात. फरक आहे तो एक रेणू दुसऱ्याला कोणत्या बाजूने जोडलाय याचा. पिष्टातला जोड आपली विकरं सहज सोडवतात. सेल्युलोजमधला जोड सोडवणारं विकर माणसाचं शरीर बनवतच नाही. तुमचं नाही, पहिलवानाचंही नाही, आणि पचनाचा कसलाच त्रास नसलेल्या विशीतल्या मुलाचंही नाही. इथे क्षणभर थांबा. ज्याला आपण आपल्या पोटाची कमजोरी समजत होतो, ती सगळ्या माणसांची समान मर्यादा आहे.

मक्याच्या सालीत तर सेल्युलोजपेक्षा हेमिसेल्युलोज अधिक असतं, आणि त्याच्या साखळ्या फेरुलिक आम्लाच्या रेणूंनी एकमेकींना बांधलेल्या असतात, मासेमारीच्या जाळ्यात ठिकठिकाणी घट्ट गाठी मारलेल्या असाव्यात तशा. मोठ्या आतड्यातले जीवाणू इतर कितीतरी भाज्यांचे तंतू आंबवतात, पण या गाठींमुळे मक्याचा कोंडा त्यांनाही जड जातो. त्यांच्याकडे वेळही मोजकाच असतो. उकडल्याने साल मऊ होते, पण गाठी सुटत नाहीत.

त्या गाठी सोडवण्याची युक्ती मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तिथे वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात. चुना अगदी थोडा लागतो, मक्याच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. चुन्याच्या क्षाराने फेरुलिक आम्लाचे बंध तुटतात आणि सकाळी दाणे चोळून धुतले की साल निसटून जाते. उरलेल्या दाण्याचं पीठ वाटून तोर्तिया भाजतात. त्यात दाण्याचं वेष्टन जवळजवळ नसतंच. शिवाय मक्यात अडकून पडलेलं नायासिन हे जीवनसत्त्वही या क्षाराने मोकळं होतं. पचायला कठीण गोष्ट स्वयंपाकघरातच सोडवून टाकायची, हा त्या लोकांचा शहाणपणा मला फार मोठा वाटतो.

आपल्याकडे तेच काम दगडाने आणि किसणीने होतं. मक्याची भाकरी खाल्ली तर शौचात काही दिसत नाही. साल पचली म्हणून नव्हे, तर ती जात्यात किंवा गिरणीत बारीक झाली म्हणून. इंदूरच्या मराठी घरांत आवडीने होणारा मक्याचा कीस खाल्ला तरी तेच, कारण प्रत्येक दाणा किसणीवर फाटलेला असतो. ज्वारीच्या भाकरीतला कोंडाही बराचसा रोजच बाहेर पडतो. तो दिसत नाही, म्हणून त्याची काळजी कोणी करत नाही.

गोठ्यात राबणाऱ्यांना तर हे नव्याने सांगायला नको. गाईचं पोट चार कप्प्यांचं, तिच्याजवळ सेल्युलोज फोडणाऱ्या जीवाणूंची फौज, शिवाय ती रवंथ करते. तरी आख्खा मका घातला तर शेणात दाणे दिसतात. म्हणून दूधवाले शेतकरी मक्याचा भरडा करून घालतात. शेणात दाणे दिसले की ते गाईच्या पचनाला बोल लावत नाहीत, भरडा अधिक बारीक करतात.

आता एक उदाहरण मनात धरा. सहा वर्षांची मुलगी शनिवारी संध्याकाळी ६ वाजता उकडलेलं कणीस खाते. सोमवारी सकाळी ८ वाजता आईला तिच्या शौचात आठ-दहा दाणे दिसतात. मध्ये ३८ तास गेले. हा वेग नेहमीचाच आहे, कारण अन्नाला तोंडापासून बाहेर पडेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस लागतात. मुलगी खेळतेय, भूक लागतेय, शौच बांधून होतंय, उंची-वजन वाढतंय. पुढच्या वेळी आई दाणे सोडवून थोडे थोडे देते आणि “दाढेखाली घे गं” असं सांगत जवळ बसते. दाण्यांची संख्या उतरते, सालीचे तुकडे दिसतात. एवढ्याने प्रश्न मिटला. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या दाढा अजून येत असतात, त्याच्या बाबतीत दाणे दिसणं तर अपेक्षितच. पण इतक्या लहान मुलाला आख्खा दाणा घशात अडकू शकतो, म्हणून चार वर्षांपर्यंत कीस किंवा ठेचलेलाच मका द्यावा. ज्यांच्या दाढा पडल्यात किंवा कवळी सैल आहे, अशा आजी-आजोबांनाही तोच बरा.

हेच उदाहरण थोडं बदलून पाहा. समजा, दाणे खाल्ल्यावर चार-पाच तासांतच पातळ शौचाबरोबर पडले. मग आतड्यातून सगळंच घाईने चाललंय, आणि दखल घ्यायची ती जुलाबाची, मक्याची नव्हे. किंवा समजा, मका न खाताही शौच फिकट, तेलकट, फार दुर्गंधीचं होतंय आणि भांड्याला चिकटून बसतंय. अन्नातली चरबी शोषली जात नसल्याची ही खूण असते. स्वादुपिंड विकरं कमी देत असेल किंवा लहान आतड्याच्या अस्तराला इजा झाली असेल, तर ती दिसते. सोबत वजन घटतं, रक्त कमी होतं, मुलाची वाढ थांबते. पचन खरोखर बिघडलं की ते असं बोलतं, आणि त्यात मक्याच्या दाण्याला जवळजवळ काहीच जागा नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात “न पचलेले अन्नकण” असा शेरा एकटाच असेल तर घाबरू नका. चरबीचे थेंब, रक्त किंवा पू यांचा उल्लेख असेल तर मात्र तो कागद घडी घालून ठेवू नका.

चार आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब, रात्री झोपेतून उठवणारं शौच, शौचात रक्त, प्रयत्न न करता उतरणारं वजन, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. मक्याचे दाणे दिसले हे त्यांना जरूर सांगा, पण सुरुवात वजनापासून करा.