दहा रोगी, वीस आकडे

सांख्यिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी दरवर्षी एक छोटा गृहपाठ देतो. दोन झोपेची औषधे आणि प्रत्येक औषधाखाली दहा आकडे, एवढेच त्यात असते. औषध घेतल्यावर झोप नेहमीपेक्षा किती तासांनी वाढली, ते हे आकडे सांगतात. पहिल्या औषधाची सरासरी वाढ ०.७५ तास येते, दुसऱ्याची २.३३. दोन औषधांत खरोखर फरक आहे का, आणि असला तर किती, असा प्रश्न असतो. वह्या परत येतात तेव्हा साधारण निम्म्यांत ‘फरक सिद्ध होत नाही’ असे असते आणि उरलेल्यांत ‘फरक आहे’. आकडेमोड मात्र बहुतेकांची बिनचूक असते.

हे आकडे माझ्या मनचे नाहीत. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझू येथील मनोरुग्णालयात कुश्नी आणि पीबल्स यांनी केलेल्या प्रयोगातून ते आले. तो प्रयोग १९०५ साली छापून आला. डब्लिनमधल्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ साली ‘स्टूडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’त लेख लिहिला, तेव्हा लहान नमुन्याचे गणित दाखवायला त्याने हेच आकडे घेतले. आज ‘आर’ ही संगणकप्रणाली उघडली की `sleep` या नावाने ते आयते मिळतात.

गोम तिथेच आहे. आयत्या तक्त्यात एक रकाना औषधाचा, एक झोपेचा. रोग्याचा क्रमांकही असतो, पण तिसऱ्या रकान्यात, आणि विद्यार्थ्याची नजर तिथवर जात नाही. तो सरळ लिहितो:

```
t.test(extra ~ group, data = sleep)
```

उत्तर येते: पी-व्हॅल्यू ०.०७९. म्हणजे ०.०५ च्या वर. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही, वही मिटली. फरकाचा ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल (वर्गात आम्ही सगळे ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’च म्हणतो) उणे ०.२१ पासून ३.३७ तासांपर्यंत पसरतो आणि शून्याला पोटात घेतो.

ही ओळ लिहिताना विद्यार्थ्याने न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हे वीस वेगवेगळे रोगी आहेत. प्रत्यक्षात रोगी दहाच, आणि प्रत्येकाने दोन्ही औषधे घेतली. सातव्या रोग्याची झोप पहिल्या औषधाने ३.७ तासांनी वाढली, दुसऱ्याने ५.५ तासांनी. पाचव्याला दोन्हींनी गुण नाही: दोन्हीकडे उणे ०.१. काही माणसांना औषध मुळातच लागू पडते, काहींना पडत नाही, आणि ही माणसामाणसांतली तफावत औषधांमधल्या फरकाहून मोठी आहे. दोन्ही रकाने वेगळे धरले की ती सगळी तफावत ‘गोंगाट’ म्हणून हिशेबात येते आणि फरकाची प्रमाण त्रुटी ०.८५ तास होते.

आता प्रत्येक रोग्यापुरता दुसऱ्यातून पहिला आकडा वजा करू: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. रोग्याचा स्वभाव दोन्ही आकड्यांत होता, तो वजाबाकीत निघून गेला. या दहांची सरासरी तीच, १.५८. पण प्रमाण विचलन १.२३ आहे. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.३९ मिळते, आधीच्या निम्म्याहून कमी. १.५८ भागिले ०.३९ म्हणजे टी ४.०६, आणि नऊ स्वातंत्र्यमात्रांना पी-व्हॅल्यू ०.००२८. अंतराल हवा तर तक्त्यातला २.२६ हा आकडा ०.३९ ने गुणावा आणि १.५८ च्या दोन्ही बाजूंना ठेवावा: ०.७० ते २.४६ तास.

आकडे तेच आहेत, सरासरीही तीच आहे, निकाल मात्र उलटा. त्यामुळे ‘जोडीची टी-टेस्ट जास्त ताकदवान असते’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला अपुरे वाटते. ऐकणाऱ्याला वाटते की दोन हत्यारे आहेत आणि त्यातले धारदार उचलायचे. इथे निवड नाहीच. रोगी तेच असतील तर पहिली चाचणी कमजोर नव्हे, चुकीची आहे. आणि रोगी तेच होते की नाही हे रकान्यांकडे कितीही वेळ पाहून कळत नाही. ते प्रयोग कसा झाला यावरून कळते.

हुशार मुले आणखी एका ठिकाणी फसतात. ती प्रत्येक औषधाचा वेगळा अंतराल काढतात. पहिल्याचा उणे ०.५३ ते २.०३, दुसऱ्याचा ०.९० ते ३.७६. मग काहीजण म्हणतात, पहिला शून्याला पोटात घेतो, दुसरा घेत नाही, म्हणून दुसरे औषध सरस. काहीजण म्हणतात, दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून फरक नाही. दोघांनीही फरकाचा अंतराल काढलेलाच नसतो. विचारलेला प्रश्न फरकाचा होता.

नववा रोगी राहिला. त्याचा फरक ४.६, बाकी कोणाचाही २.४ च्या वर नाही. वर्गात कोणीतरी दरवर्षी संशय घेतो की हा निकाल या एकट्याच्या जिवावर उभा आहे. संशय रास्त आहे, तेव्हा त्याला वगळून पाहू. सरासरी १.२४ वर उतरते, पण टी ४.०६ वरून ५.६६ वर चढते! पहिल्यांदा पाहिले तेव्हा मीही हिशेब पुन्हा केला होता. कारण साधे आहे: त्या एका आकड्याने सरासरी थोडी वाढवली होती आणि विचलन जवळपास दुप्पट केले होते. नवा अंतराल ०.७४ ते १.७५. खालचे टोक जवळजवळ जागेवरच, वरचे मात्र पाऊण तासाने खाली आले. म्हणजे ‘फरक आहे’ हे विधान नवव्या रोग्यावर अवलंबून नाही. ‘फरक अडीच तासांपर्यंत असू शकेल’ हे बऱ्याच अंशी त्याच्यावर आहे. नुसत्या पी-व्हॅल्यूकडे पाहणाऱ्याला हे दिसले नसते. म्हणून त्याला कायमचा वगळावा असे मी म्हणत नाही. मोजणीत चूक झाल्याचा पुरावा नसताना रोगी गाळणे म्हणजे निकाल घडवणे. दोन्ही हिशेब वहीत ठेवावेत.

आणि ०.७० ते २.४६ याचा अर्थ? ‘खरा फरक यात असण्याची शक्यता ९५ टक्के’ असे लिहिले की मी लाल रेघ मारतो. ९५ टक्के हे या पद्धतीचे यश आहे: असे प्रयोग पुन्हापुन्हा केले तर शंभरातले सुमारे पंचाण्णव अंतराल खऱ्या फरकाला कवेत घेतील. हाती आलेला अंतराल त्यातलाच की उरलेल्या पाचांतला, हे आकडे सांगत नाहीत. गंमत अशी की खुद्द स्टूडंटने दुसरे औषध सरस असण्याच्या बाजूने सुमारे ६६६ ला १ अशी पैज लावता येईल असे लिहिले आहे. माझ्या वर्गात त्याचाही गुण कापला गेला असता, आणि त्या क्षणी मला माझ्या लाल रेघेचा थोडा संकोच वाटतो. माणसाला पैजेचेच उत्तर हवे असते. आमची पद्धत दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते.

त्या लेखात आणखी एक चूक होती. स्टूडंटने दोन्ही रकान्यांवर हायोसायमीनच्या दोन रूपांची नावे घातली. मूळ प्रयोगात २.३३ तासांचा रकाना हायोसायमीनचा नव्हताच, तो हायोसिनचा होता.