निम्मे-निम्मे, पण कशाचे?

भावंडांनी मिळून प्लेस्टेशन घ्यायचं ठरलं की पहिला ठराव निम्म्या-निम्म्या खर्चाचा होतो. ऐकायला तो न्याय्य वाटतो. पण कन्सोल, गेम आणि वर्गणी यांची मालकी एकसारखी नसते, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

कन्सोलचं त्या मानाने सोपं आहे. समजा, नोकरीला लागलेली ताई, अकरावीतला भाऊ आणि ५०,००० रुपयांचा पीएस फाइव्ह. पैसे आईबाबांनी उचल म्हणून दिले. पाच वर्षांनी तो १४,०००ला विकला जाईल असं धरलं, तर झीज ३६,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला ६००. ताईने ४०० द्यावेत, भावाने २००. विक्रीचे पैसे आईबाबांचे. हे भाडं आहे, हप्ता नव्हे, एवढं आधीच बोलून ठेवावं. म्हणजे ताई लग्न होऊन वा बदलीने गेली, तर भरलेले पैसे परत मागायचा प्रश्न येत नाही.

खरी गोम गेममध्ये आहे. पाच हजारांची डिस्क खेळून झाल्यावर साडेतीन हजारांना विकली, तर खर्च दीड हजारांचा. तो निम्मा-निम्मा वाटणं रास्त. तोच गेम डिजिटल घेतला की तो ज्याच्या खात्यावर घेतला त्याच्याकडेच राहतो. विकता येत नाही, भावंडाच्या नावावर करता येत नाही. खातेदाराने आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये 'Console Sharing and Offline Play' चालू ठेवलं, तर त्या कन्सोलवर भाऊही आपल्या खात्यातून तो खेळतो. पण ही सोय एका खात्याला एका वेळी एकाच पीएस फाइव्हवर मिळते. ताईने पुण्याच्या खोलीवर दुसरा कन्सोल घेऊन तिथे ती चालू केली, की घरच्या कन्सोलवर भावाला त्या गेमच्या चित्रावर कुलूप दिसतं. अडीच हजार दिलेले असले तरी.

म्हणून माझ्या मते डिजिटल गेमचे सगळे पैसे खातेदाराने भरावेत आणि भावंडाला फुकट खेळू द्यावं. हे कुणाला अन्याय्य वाटेल. पण गेम शेवटी ज्याच्याकडे राहणार, त्यानेच मोल द्यावं. दोघांना खेळायचाच असेल तर डिस्क घ्यावी. डिस्क-ड्राइव्ह नसलेला स्वस्त कन्सोल निवडण्याआधी हा हिशोब जरूर करावा.

पीएस प्लसच्या वर्गणीचा प्रकार थोडा वेगळा. शेअरिंग चालू असेल तर एकाच खात्याच्या वर्गणीवर दोघंही ऑनलाइन खेळू शकतात, त्यामुळे दोन वर्गण्या भरणं हा शुद्ध अपव्यय. वापर दोघांचा, तेव्हा ही खुशाल निम्मी वाटावी. फक्त क्लाउडवरचं सेव्ह वर्गणीदारालाच मिळतं. शिवाय वर्गणीतून आलेले दरमहाचे गेम वर्गणी थांबली की बंद होतात आणि पुन्हा भरली की परत मिळतात. तेव्हा बारावीच्या वर्षी भावाने फेब्रुवारी-मार्चचा वाटा नाही दिला, तर ताईने तो मागू नये.