तिसरी रेड माझी

गावोगावच्या कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी संघनायक काय बोलतो, हे मैदानाच्या कडेला उभं राहून ऐकलं तर बहुतेक वाक्यं एकाच साच्यातली असतात. ‘आज हरलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.’ ‘मंडळाचं नाव घालवू नका.’ ‘ज्याची पकड सुटेल त्याने पुढच्या वर्षी किट मागायला येऊ नये.’ बोलणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. आपण गड्यांना पेटवतो आहोत असंच त्याला वाटतं. माझा आक्षेप या बोलण्याच्या सभ्यतेवर नाही. कबड्डीच्या डावपेचांच्या हिशेबातच ही वाक्यं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे एका पकडीकडे बारकाईने पाहिलं तर दिसतं.

पुरुषांच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते आणि बोनस रेषा तिच्या पलीकडे आणखी एक मीटर. चढाईपटू बोनसच्या मागे आत आला, त्याने पाय लांबवला आणि डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला, असं समजा. प्रेक्षकांना वाटतं की पकड झाली. खरं तर ती आत्ता सुरू झालेली असते. घोटा धरलेला तगडा गडी मध्यरेषेच्या दिशेने झेप घेतो आणि आडवा पडून हात लांबवतो. त्याच्या उंचीनेच निम्मं अंतर खाल्लेलं असतं. एकट्या कॉर्नरला तो थोपवता येत नाही. शेजारच्या कव्हरने त्याच क्षणी अंगावर येऊन त्याची वाट बंद करावी लागते आणि उरलेल्यांनी वरून पडावं लागतं.

इथे खेळाचा नियम मोठा निष्ठुर आहे. चढाईपटू फरफटत का होईना, मध्यरेषेला पोहोचला, तर त्या झटापटीत त्याला भिडलेले सगळे बाद. म्हणजे मदतीला धावणारा कव्हर स्वतःला पणाला लावत असतो. तो मागे राहिला तर एकटा कॉर्नर जाईल आणि कव्हर सुरक्षित राहील. तो आला आणि पकड सुटली, तर दोघे जातील. आता या कव्हरच्या कानात ‘आज जो बाद होईल त्याला बघतो’ हे वाक्य घुमत असेल, तर त्याने काय करावं? शहाणपणाने वागायचं तर त्याने जागेवरच थांबावं. धमकीने गडी घाबरतो एवढंच होत नाही. मदतीला न जाणं हाच त्याच्या फायद्याचा मार्ग आहे, असं धमकी त्याला शिकवते. मग कॉर्नरच्याही लक्षात येतं की मागून कोणी येत नाही, आणि तो पाय धरायचाच सोडतो. अशी बचावफळी बाहेरून शिस्तबद्ध दिसते, पण आतून सात एकटे गडी उभे असतात.

चुकीची शिक्षा डोळ्यांसमोर उभी राहिली की सरावातलं कसब कसं गळतं, याचा एक चांगला पुरावा फुटबॉलमधून मिळतो. नॉर्वेचे गेइर योरडेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टी शूटआउटचा अभ्यास केला. हा गोल झाला की संघ जिंकणार, अशा वेळी नव्वद टक्क्यांहून अधिक खेळाडू गोल करतात. हा चुकला की संघ हरणार, अशा वेळी तेच प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास घसरतं. चेंडू, अंतर आणि गोलची चौकट दोन्ही वेळी सारखीच असते. फरक पडतो तो खेळाडूच्या डोक्यात कुठला शेवट उभा आहे याने. अंतिम सामन्याआधी नायक जेव्हा पराभवाचं वर्णन करून सांगतो, तेव्हा तो हा दुसरा शेवट स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या डोक्यात पेरत असतो.

मग त्याने काय बोलावं? माझ्या मते असं काहीतरी:

‘इकडे बघा. माझ्याकडे नको, एकमेकांकडे.
आज नवीन काही नाही. रोजचे सात. रोजचाच खेळ.
कॉर्नर, तू पाय धर. मागे कव्हर आहे.
कव्हर, तू ये. उशीर झाला तरी ये.
रेडर, रिकामा आलास तरी चालेल. घाई नको.
तिसरी रेड पहिल्यांदा माझी.
पकड सुटली, सुटली. जागा घ्या, पुढची रेड.
पाच गुणांनी मागे पडलो, तर मी म्हणेन “साखळी”. तुम्ही हात धरा.
कोण चुकलं, हे आज कोणी विचारणार नाही. मीही नाही.
पाय धरतो कोण?’ – ‘एक!’
‘मागे येतं कोण?’ – ‘सगळे!’
‘चला.’

हे सगळं पाऊण मिनिटात संपतं, आणि याहून लांबू नये. नाणेफेक झालेली असते, पंच शिट्टी तोंडात धरून उभे असतात, अंग तापलेलं असतं. अशा वेळी कानाला चार-पाच शब्दांची वाक्यं पेलतात. प्रत्येक ओळ एका दमात म्हणता यावी आणि क्रियापदावर किंवा जागेच्या नावावर आपटून थांबावी. ‘जर आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केला तर’ असं वाक्य संपेपर्यंत गड्याचं लक्ष समोरच्या संघाच्या सहा फुटी चढाईपटूकडे गेलेलं असतं. शेवटची हाळी आणि प्रतिसाद मात्र अंतिम सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. सरावात महिनाभर घोटलेला असेल तरच तो अंगातून उमटतो, नाहीतर निम्मे गडी ‘एक’ म्हणतात आणि निम्मे ‘सगळे’.

यातल्या दोन ओळींवर थोडं थांबतो. ‘उशीर झाला तरी ये’ ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. कव्हरची नेहमीची चूक उशिरा येण्याची नसते. उशीर झाला असं वाटून अर्ध्यावर थबकण्याची असते. त्या अर्ध्या पावलाने पकड सुटते आणि कधीकधी तो स्वतःही हाताला लागून बाद होतो. नायकाने त्याला उशिरा येण्याची परवानगी आधीच दिली, की तो थबकत नाही.

दुसरी ओळ तिसऱ्या रेडची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हे ओझं पहिल्या दोन चढाया करणाऱ्यांच्या मानेवर बसतं, आणि ते नको तिथे हात घालायला जातात. नायक स्वतः चढाईपटू असेल आणि पहिली ‘डू ऑर डाय’ त्याने आपल्याकडे घेतली, तर बाकीचे मोकळेपणाने रिकामे परतू शकतात. पण फक्त पहिलीच. दर वेळी तोच जायला लागला तर समोरचा संघ दहा मिनिटांत ओळखतो आणि त्याच्यासाठी सापळा लावून बसतो. नायक चढाईपटू नसून कॉर्नरचा असेल तर ही ओळ त्याने म्हणूच नये. त्याने म्हणावं, ‘पहिला पाय मी धरतो.’ आपल्याला पाळता येईल तेवढंच वचन द्यायचं. ‘तुला बाहेर काढणार नाही’ हे वचन प्रशिक्षकाच्या अखत्यारीतलं आहे, त्याला नायकाने हात लावू नये.

विश्वासाच्या नावाखाली एक धमकीही खपून जाते, तीही ओळखायला हवी. ‘आज सगळी भिस्त तुझ्यावर आहे, बाळा’ हे ऐकायला मायेचं वाटतं. त्यात ‘तू गेलास की आम्ही गेलो’ हे न बोलता सांगितलेलं असतं. संघाच्या सर्वोत्तम चढाईपटूला हे वाक्य हमखास ऐकवलं जातं आणि पहिल्या पाच मिनिटांत तो खोल घुसून पकडला जातो. विश्वासाचं वाक्य खरं आहे की नाही, हे तपासायला मी एकच प्रश्न विचारतो: हा गडी अपयशी ठरला तर बाकीचे काय करतील, हे त्या वाक्यात आहे का? ‘तू बाद झालास तर आम्ही पकडीवर तुला परत आणू’ यात ते आहे. समोरच्याचा एक गडी बाद झाला की आपला एक आत येतो, हे कबड्डीतलं साधं गणित आहे, आणि भिस्तीच्या भाषेत तेच विसरलं जातं.

‘पाच गुणांनी मागे’ हा आकडाही मी उगाच घातलेला नाही. 2016 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, अहमदाबादला, अनुप कुमारचा भारतीय संघ मध्यंतराला इराणविरुद्ध 13-18 असा मागे होता. सामना संपला तेव्हा भारत 38-29 ने जिंकलेला होता, आणि अजय ठाकूरच्या चढाया त्याला कारण होत्या. त्याच संघाने स्पर्धेची सुरुवात दक्षिण कोरियाकडून 32-34 अशी हार खाऊन केली होती. कबड्डीत एक लोण जादा दोन गुण देतं, तीन किंवा कमी गड्यांनी केलेली अव्वल पकडही एक गुण जास्त देते. पाच गुणांची पिछाडी काही मिनिटांत भरून निघते, फक्त तोवर कोणी बिथरता कामा नये. म्हणून पिछाडीचा उल्लेख भाषणात असावा, पण त्यावेळी काय करायचं या कृतीसह असावा. ‘आपण मागे पडणारच नाही’ असं सांगितलेला संघ मागे पडला की त्याच्याकडे पुढचं पाऊल नसतं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. बॅरी स्टॉ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांच्या बास्केटबॉल संघांत मध्यंतरातली प्रशिक्षकांची भाषणं तपासली, तेव्हा काहीशी कडक, नाराजीची भाषा वापरल्यावर पुढच्या सत्रातला खेळ सुधारलेला दिसला. ती नाराजी फार वाढली की मात्र फायदा ओसरत गेला. म्हणजे रागाला काहीच किंमत नाही असं म्हणता येत नाही. माझं म्हणणं इतकंच की तो राग प्रशिक्षकाचा होता, आणि समोर घडलेल्या खेळाबद्दलचा होता. ‘तुम्ही साखळी सोडताय’ हे मध्यंतरात ओरडून सांगणं ही माहिती आहे. सामना सुरू होण्याआधी रागावायला अजून काही घडलेलंच नसतं, त्यामुळे तेव्हाचा राग न घडलेल्या गोष्टीची शिक्षा आधीच सुनावतो. शिवाय नायक पाच मिनिटांनी त्याच साखळीत हात धरून उभा राहणार असतो. ज्याला धमकावलं, त्याचाच हात.

भाषण लागू पडलं की नाही, हे कळायला फार थांबावं लागत नाही. पहिली पकड सुटल्यावर गडी कुठे पाहतात ते बघावं. नजर बाकाकडे किंवा नायकाच्या तोंडाकडे गेली, तर आधीचे शब्द वाया गेले. ते पाय झाडून जागा घेऊ लागले, तर लागू पडले. आणि त्याच क्षणी नायकाचीही तपासणी होते. ‘मीही विचारणार नाही’ म्हणणाऱ्याने कव्हरकडे बघून नुसते हात पसरले, तरी सगळ्यांना ते दिसतं. पुढच्या वेळी कव्हर थांबतो. मग तीस सेकंदांच्या टाइमआउटमध्ये कितीही समजावलं तरी तो अर्ध्यावरच थबकतो.