कुणासाठी, ते आधी सांगा

"वाढदिवसाचा एक छानसा मेसेज लिहून दे ना," अशी मागणी अधूनमधून येते आणि वाढदिवस कुणाचा, हे तीत नसतं. मागणाऱ्याला वाटतं, शुभेच्छा त्या शुभेच्छा, नाव काय नंतर घालता येईल.

पहिली ओळ तशी निभावते. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' यात ना क्रियापद, ना सर्वनाम. पाच वर्षांच्या भाचीला आणि पंचाहत्तरीच्या सरांना ती सारखीच चालते. दुसऱ्या ओळीपासून अडतं. 'तुला' की 'तुम्हाला'? 'असाच हसत राहा' की 'अशीच'? थोरला 'औक्षवंत हो' म्हणून मोकळा होतो. धाकट्याला 'ही ईश्वरचरणी प्रार्थना' असं शेपूट जोडावं लागतं. 'शतायुषी व्हा' हे चाळिशीत शोभतं. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती मुदत वाटते.

पत्रांच्या काळात हे आधीच उरकलेलं असे. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्या माणसाला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव. नातं ठरल्याखेरीज मायनाच लिहिता येत नसे. त्या मायन्यांसाठी मी हळहळत नाही. बाईचं वैधव्य 'गं. भा.' म्हणून पाकिटावर मिरवणारी ती रीत गेली ते बरंच झालं. पण मायना विचारत होता तो प्रश्न काही गेलेला नाही.

एका मैत्रिणीने असाच बिननावाचा मेसेज मागितला. खोदून विचारल्यावर कळलं, सासूबाईंसाठी. तिने स्वतः एक शोधून ठेवला होता : 'आई, तू माझं जग आहेस.' ती तर त्यांना 'अहो आई' म्हणते! जवळीक किती, असं विचारलं तर म्हणाली, "तेच तर मला सांगता येत नाही." नाव न सांगण्यामागे विसराळूपणा नव्हता. अंतर किती हे तिचंच ठरलं नव्हतं, आणि ते ठरवायचं काम तिने नकळत माझ्याकडे सोपवलं होतं. मग मी जवळिकीचा नाद सोडला आणि विचारलं, यंदा त्यांनी तुझ्यासाठी काय केलं? उत्तर लगेच आलं. त्यातून झालेला मेसेज असा : 'अहो आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझी रात्रपाळी असली की तुम्ही न सांगता डबा भरून ठेवता. हे मी कधी बोलले नाही, आज बोलते.'

यात 'तुम्ही' आहे, तरी परकेपणा नाही. कित्येक घरांत आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' म्हणतात, म्हणून बाबा काही लांबचे होत नाहीत. अंतर सर्वनामाने मोजायला गेलं की फसगत होते. डबा मात्र दुसऱ्या कुणाच्या सासूबाईंना चिकटवता येणार नाही.

तेव्हा मेसेज मागताना तीन गोष्टी सांगा : माणूस कोण, तुम्ही त्यांना हाक कशी मारता, आणि अलीकडे तुमच्या दोघांत घडलेलं काहीतरी एक. तिसरी आठवतच नसेल, तर पहिलीच ओळ पाठवा. तेवढी पुरते.