अर्ध्यावर थांबलेला फेरा

शरीररचनाशास्त्राच्या वर्गात मी जवळजवळ तीस वर्षं एक परकराची नाडी घेऊन जात असे. एका रुमालाच्या कडेला ती कमानीसारखी टाचलेली आणि रुमालाच्या मधोमध खुपसलेली एक पेन्सिल. नाडी म्हणजे गर्भाचं मधलं आतडं, मिडगट. रुमाल म्हणजे त्याला पाठीच्या भिंतीशी धरून ठेवणारा आंत्रबंध, आणि पेन्सिल म्हणजे त्या साऱ्या आतड्याला रक्त पुरवणारी एकुलती एक धमनी, सुपीरिअर मेसेंटेरिक. पहिल्या वर्षाची मुलं नाडी बघून हसायची. मग मी ती पेन्सिलीभोवती फिरवायला लागले, की हसू थांबायचं आणि वह्यांत बाण काढणं सुरू व्हायचं.

पाठ्यपुस्तकातली हकिकत अशी. सहाव्या आठवड्यात गर्भ जेमतेम सेंटिमीटरभर असतो. त्याच्या पोटात यकृत इतकं भराभर वाढतं की लांबत चाललेल्या आतड्याला आत जागा उरत नाही. कमान पुढे सरकते आणि सरळ नाळेच्या मुळात शिरते. तिथेच ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा घेते. वरची बाजू गर्भाच्या उजवीकडे जाते, खालची डावीकडे. वरच्या बाजूचं पुढे लहान आतडं होतं, ते नाळेतच वेटोळी घालत वाढतं. दहाव्या आठवड्यात पोट मोठं झालं की सगळं आत परततं आणि परतताना आणखी अर्धा फेरा पुरा होतो. एकूण 270 अंश. आधी लहान आतडं येतं, ते धमनीच्या मागून डावीकडे सरकतं. सर्वांत शेवटी मोठ्या आतड्याचं टोक, सीकम, येतं. ते धमनीच्या पुढून उजवीकडे जातं आणि यकृताखालून उतरून उजव्या जांघेच्या वर स्थिरावतं. तिथेच अपेंडिक्स लोंबतं.

म्हणूनच तुमच्याआमच्या पोटात आद्यांत्र, म्हणजे डुओडेनम, त्या धमनीच्या मागून जातं आणि आडवं मोठं आतडं पुढून. ही मांडणी पाठ करायला कंटाळवाणी आहे. नाडी एकदा स्वतःच्या हाताने फिरवली की विसरता येत नाही.

हे फिरणं कुणी घडताना पाहिलेलं नाही, हेही मी सांगत असे. वेगवेगळ्या वयांच्या गर्भांचे पातळ काप मांडून, त्यांच्यामधली हालचाल अभ्यासकांनी ताडली. नॉर्मन डॉट या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने 1923 मध्ये तिच्यातल्या चुकांची नीट वर्गवारी केली आणि ती आजही शिकवली जाते. अलीकडे काही संशोधक म्हणतात की अख्खी कमान दाराच्या कडीसारखी फिरत नसावी; निरनिराळे भाग निरनिराळ्या वेगाने वाढतात आणि आपल्याला फेरा दिसतो. 2011 मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी तर ताणलेल्या रबराच्या पत्र्याला रबरी नळी शिवली आणि पत्रा सैल सोडला. नळीने कोंबडीच्या गर्भातल्या आतड्यासारखी वेटोळी आपोआप घातली. त्यातून वेटोळ्यांचा उलगडा झाला, 270 अंशांचा नव्हे. पण मला माझ्या नाडीची थोडी कमी लाज वाटू लागली.

नाळेत गेलेलं आतडं ही गोष्ट आता घराघरांत पोहोचली आहे, कारण सोनोग्राफी लवकर होते. माझ्या भाचीने एका रात्री रडत फोन केला होता. दहा आठवडे आणि चार दिवसांची सोनोग्राफी, गर्भाची लांबी 36 मिलिमीटर, आणि अहवालात ‘नाळेच्या मुळाशी फुगवटा, हर्नियाची शक्यता’ असं लिहिलेलं. तिने माझंच जुनं पुस्तक काढून बघितलं होतं. त्यात लिहिलंय की आतडं दहाव्या आठवड्यात आत जातं! मग हिचं का गेलं नाही? घोळ मोजणीचा होता. गर्भविज्ञानाची पुस्तकं फलनापासून दिवस मोजतात, प्रसूतितज्ज्ञ शेवटच्या पाळीपासून. दोन आठवड्यांचा फरक. तिचं बाळ पुस्तकाच्या हिशेबाने साडेआठ आठवड्यांचंच होतं, आणि त्या वयात आतडं नाळेत नसतं तरच नवल. पाळीपासून बारा आठवडे पुरे होईपर्यंत, किंवा गर्भ साधारण 45 मिलिमीटर ओलांडेपर्यंत, लहानशा फुगवट्यावरून निदान करू नये. तिची पुढची सोनोग्राफी तेराव्या आठवड्यात झाली, तेव्हा नाळ सरळ होती.

एक अपवाद मात्र मी तिला त्या रात्री सांगितला नाही. फुगवट्यात यकृत दिसलं, तर आठवड्यांचा हिशेब करत बसायचं नसतं. यकृत नेहमीच्या क्रमात नाळेत कधीच जात नाही. ते तिथे असेल, तर पोटाच्या भिंतीच्या घड्याच नीट जुळलेल्या नाहीत. याला ऑम्फॅलोसील म्हणतात. बेंबीच्या जागी नाळेवरच पातळ पिशवी असते आणि अवयव तिच्यात असतात. अशा बाळांत गुणसूत्रांचे आणि हृदयाचे दोष वारंवार आढळतात, म्हणून तपासणी पिशवीपुरती थांबत नाही. फक्त आतडंच बाहेर राहिलेली लहान पिशवी असेल, तर ते परत न आल्याचं मानणं रास्त आहे. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये भोक बेंबीच्या शेजारी, बहुधा उजवीकडे असतं. पिशवी नसते, आणि उघडं आतडं गर्भजलात भिजून जाड, चिकट होतं. दोन्हींत आतड्याचा फेरा सहसा अपुराच राहतो, कारण ज्या परतीच्या वाटेवर तो व्हायचा, ती वाटच चुकलेली असते.

आणि तान्ह्या बाळाची रडताना फुगणारी बेंबी? तिचा यातल्या कशाशी संबंध नाही. आतडं वेळेवर आत गेलेलं असतं, फक्त बेंबीची कडी सैल राहिलेली असते आणि वर धड कातडी असते. बहुतेक वेळा ती काही वर्षांत आपोआप आवळते. तिच्यावर रुपयाचं नाणं बांधून कातडी सोलवटण्यापलीकडे काही साधत नाही.

आता फेऱ्याकडे परत येते. तो हवा कशासाठी, हे मला पुस्तकांनी नीट सांगितलं नव्हतं. विच्छेदनगृहातल्या एका देहाने सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांचा देहदान केलेला देह होता. मुलांनी पोट उघडलं आणि हाक मारली, “मॅडम, अपेंडिक्स सापडत नाही.” सापडलं, डावीकडे. लहान आतडं सगळं उजव्या अंगाला, मोठं सगळं डाव्या. नाळेतला पाव फेरा झाला, पुढचा अर्धा झालाच नाही. या पोटाने सत्तर वर्षं भाकरी पचवली होती आणि मृत्यूचं कारण वेगळंच होतं.

त्यानंतर काही वर्षांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता लहान मुलांचा सर्जन आहे, दुपारी फोन करून बोलावलं. “मॅडम, तुमची नाडी खरी बघायची असेल तर या.” सहा दिवसांचं बाळ, वजन दोन किलो आठशे. जन्मानंतर शी व्यवस्थित झालेली, दूध नीट पीत होतं. पहाटे उलटी झाली. आईला ती पिवळसर वाटली, आजीला हिरवी. सकाळी जिथे दाखवलं तिथे पोट मऊ लागलं, फुगलेलं नव्हतं, म्हणून दूध जास्त झालं असेल असं सांगून घरी पाठवलं. दुपारपर्यंत चार उलट्या झाल्या आणि रंगाबद्दल वाद उरला नाही.

मऊ पोट इथे फसवतं. अडथळा अगदी वर, आद्यांत्रापाशी असतो. खालच्या आतड्यात हवाच फारशी जात नाही, मग फुगणार काय? पण अडथळा पित्तनलिकेच्या तोंडाच्या पुढे असल्याने उलटीत पित्त येतं. नवजात बाळाच्या हिरव्या उलटीला दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत आतड्याचा पीळच समजतात. सोनोग्राफीत धमनीभोवती शीर आणि आतडं भोवऱ्यासारखं गुंडाळलेलं दिसलं. एरवी शीर धमनीच्या उजवीकडे असते. इथे ती डावीकडे होती. बेरियमसारखं औषध पाजून फोटो काढण्यात तासभर घालवायची गरजच राहिली नाही.

पोट उघडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी तीस वर्षं चुकीच्या गोष्टीवर भर देत होते. मी मुलांना विचारायची, कुठला अवयव कुठे गेला. खरा प्रश्न दोन टोकांमधलं अंतर किती, हा आहे. फेरा पुरा झाला की आद्यांत्राचा शेवट डावीकडे वर बांधला जातो आणि सीकम उजवीकडे खाली. त्या दोन खुंट्यांमध्ये आंत्रबंधाचं मूळ तिरपं पसरतं, मोठ्या माणसात सुमारे 15 सेंटिमीटर. सहा मीटर आतडं त्या रुंद मुळावर लटकतं, म्हणून ते पिळत नाही. या बाळाचा फेरा मध्येच थांबला होता. सीकम जठराच्या खाली अडकलेलं, आद्यांत्राचा शेवट त्याच्या शेजारीच. सगळं लहान आतडं बोटभर रुंदीच्या देठावर, आणि त्या देठातूनच धमनी. घड्याळाच्या दिशेने त्याला दोन पूर्ण पीळ बसले होते. वरून सीकमकडून भिंतीकडे जाणारे पडदे आद्यांत्रावर ताणलेले. त्यांना लॅड यांच्या नावाने ओळखतात.

त्या सत्तरीच्या गृहस्थांच्या पोटात फेरा अर्ध्याहून कमी झाला होता, तरी आतडं दोन्ही अंगांना पसरलेलं आणि मूळ बऱ्यापैकी रुंद होतं. बाळाचा फेरा त्यांच्याहून पुढे गेला होता, आणि तोच जिवावर बेतला होता. न फिरलेलं आतडंही कधी पिळतं, पण अर्धवट फिरलेलं जास्त.

बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी 1936 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया याच तर्काने चालते. सर्जनने अख्खं आतडं हातात घेऊन उलट दिशेने दोनदा फिरवलं. ते जांभळं होतं. गरम ओल्या कापडात गुंडाळून आम्ही सगळे थांबलो. दहाएक मिनिटांनी कापड उचललं तर बहुतेक भाग गुलाबी, एक हातभर पट्टा अजून मळकट. आणखी थांबलो. तोही उजळला, काही कापावं लागलं नाही. मग त्याने पडदे सोडवले, चिकटलेला देठ उलगडून रुंद केला. मी मनात वाट बघत होते की आता सीकम उजवीकडे नेऊन बसवेल. त्याने लहान आतडं उजवीकडे ठेवलं, मोठं डावीकडे. हुबेहूब त्या विच्छेदनगृहातल्या पोटासारखं. फेरा पुरा करायचाच नसतो, उलटा न्यायचा असतो, कारण सर्वांत रुंद मूळ तिथेच मिळतं. अपेंडिक्सही काढलं, नाहीतर पुढे कधी डावीकडे दुखलं असतं आणि कुणाला सुचलं नसतं.

बाहेर आजी उभ्या होत्या. “डॉक्टर, आतडं जागेवर लावलंत ना?”

“नाही आजी, मुद्दाम दुसऱ्या जागी ठेवलंय. सगळे कागद जपून ठेवा, मोठा झाला की त्याला सांगा.”

आजींनी माझ्याकडे बघितलं, मीही डॉक्टरच असणार म्हणून. मी पर्समधली नाडी काढली आणि तिथल्या बाकावर बसून त्यांना दाखवायला सुरुवात केली.