बांध कोणाचा?

शेताचा फोटो पाहून मुलूख ओळखायचा असेल तर आधी पिकाकडे नाही, कडेकडे बघावं. पीक हंगामाला बदलतं, कड सहसा बदलत नाही. जांभ्या दगडाचा, चुन्याशिवाय रचलेला गडगा दिसला की ते कोकण. आमच्या खान्देशात, तापीकाठच्या काळ्या जमिनीत, असा गडगा दिसणार नाही. एक तर दगड मिळत नाही. आणि आणून रचला तरी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दगडाची ओळ दोन-चार वर्षांत वाकडी होते. साक्रीकडे डोंगराच्या अंगाला किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात की शेतातून वेचलेले धोंडे बांधावर रचलेले दिसतील. खाली मात्र मातीचा बांध, त्यावर निंब, बोर, हिवर, आणि ढोरं शिरू नयेत म्हणून टाकलेल्या बाभळीच्या काट्या.

रावेर-यावलकडची खूण वेगळी. केळीच्या बागेभोवती शेवरीची नाहीतर गजराज गवताची उंच दाट भिंत असते. ती चोरासाठी नसते, मे महिन्यातल्या झळांसाठी असते. गरम वाऱ्यानं केळीची पानं फाटतात, कोवळी झाडं करपतात. पण ही खूण पाहून ‘जळगाव जिल्हा’ असं छातीठोक सांगू नये. पलीकडे बऱ्हाणपुरातही अशाच केळीच्या बागा आहेत. राज्याची हद्द फोटोत दिसत नाही, दोन भावांच्या वाटणीची दिसते!

हल्लीच्या फोटोंत मात्र तीही दिसेनाशी झाली आहे. आमच्या घरी एक जुना फोटो आहे. बैलजोडीमागे बांध दिसतो, त्यावरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. आज तिथंच उभं राहून फोटो काढला तर दोन शेतांमध्ये हातभर उंचवटा दिसतो, झाडं नाहीत. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात, तिथल्या शेताचा फोटो याच्याशेजारी ठेवला तर मला फरक सांगता येणार नाही.

मग बांध गेला कुठं? कोणी चोरला म्हणावं, तर चोर सापडत नाही. हिशोब करून बघा. सहाशे साठ फूट लांब, सहा फूट रुंद बांध. नांगरताना दरवर्षी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं, म्हणजे तीन-तीन इंच, कोरली गेली. सहा वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला दीड फूट आला, म्हणजे ९९० चौरस फूट. गुंठा १०८९ फुटांचा. जवळजवळ गुंठाभर जमीन प्रत्येकाला मिळाली आणि बांध निम्मा उरला. त्यात आता नांगर मालकाच्या हातात नसतो. ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो, फाळ बांधाला घासून वळवतो. मालक म्हणतो, मी सांगितलं नव्हतं. आणि खरंच सांगितलेलं नसतं!

चार बोटांना चोरी म्हणायचं का? आमच्याकडे लोक म्हणतात, ‘त्यानं कोरला म्हणून मी कोरला.’ मला हे उत्तर पटत नाही. शेजाऱ्याकडून काही घेतलं असेल तर ते परत मागता येतं. पण बांध दोघांनीही वापरायची वस्तू होती. पाणी अडवायची, चालायची, दुपारी निंबाखाली भाकर खायची. दोघांनी अर्धा-अर्धा घेतला तर कोणाचीच फसवणूक झाली नाही, तरी वस्तू संपली.

नुकसान कळायला पाऊस लागतो. उताराच्या शेतात बारीक झालेला बांध पहिल्या मोठ्या पावसात एका जागी फुटतो. तिथून पाणी घळ पाडतं आणि वरच्याची गाळाची माती खालच्याच्या कपाशीवर जाऊन बसते. वरचा रडतो माती गेली म्हणून, खालचा रडतो पीक दबलं म्हणून. गुंठा मिळवलेले दोघंही.

मग मोजणी येते. भूमी अभिलेखचा माणूस गट नकाशा घेऊन येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो, तिथं दगड रोवतात. वाद मिटवायला हे लागतंच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण मोजणीनं सापडते ती रेघ, आणि रेघेला रुंदी नसते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नं तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. म्हणजे कायद्यानंही बांधाला नुसती रेघ मानलेलं नाही. पण वाट द्यायला बांध तरी उरलेला हवा. नसला की वाट कोणाच्या तरी पिकातून जाते, आणि भांडण नव्यानं सुरू होतं.

गेल्या मोजणीनंतर शेजारचे अण्णा दगडाजवळ उभे होते. मी म्हटलं, दोन्हीकडून दीड-दीड फूट सोडू, निंब लावू.

“सावली कोणाच्या वावरात पडंन?” त्यांनी विचारलं.

“सकाळी माझ्या, दुपारनंतर तुमच्या.”

अण्णांनी दगडाकडे पाहिलं, मग सूर्याकडे. “पयले दोरी धर,” म्हणाले.