प्रबंधातलं कोणतं वाक्य बदलणार?

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेत सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘हो सर, हा मुद्दा पुढच्या अभ्यासात घेईन.’ ठाणे-कल्याणच्या महाविद्यालयांतल्या संशोधन केंद्रांतही ते सर्रास ऐकू येतं. परीक्षक बाहेरगावहून आलेले ज्येष्ठ असतात, शेजारी गाइड बसलेले असतात, मागे विभागातली मंडळी आणि इतर विद्यार्थी असतात. अशा वेळी वाद नको म्हणून हे उत्तर दिलं जातं. पण त्यातून काहीच कळत नाही. आक्षेप मान्य झाला का? गैरसमज होता का? की विद्यार्थ्याला आपलं म्हणणं अजूनही बरोबर वाटतं? कठीण प्रश्नाला कबुली, खुलासा आणि ठाम समर्थन अशी तीन वेगवेगळी उत्तरं असतात. त्यांतला फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे: या उत्तरानंतर प्रबंधातलं कोणतं वाक्य बदलणार?

एक कल्पित प्रबंध घेऊ. विषय आहे डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या स्त्रियांचा प्रवास. विद्यार्थिनीने सकाळी सात ते दहा या वेळेत फलाटावर आणि लेडीज डब्यात दोनशे जणींच्या मुलाखती घेतल्या. निष्कर्षात तिने लिहिलं, ‘प्रवासाच्या त्रासामुळे डोंबिवलीतल्या स्त्रिया नोकरी सोडत नाहीत, त्या प्रवासाभोवती आपला दिवस आखतात.’

पहिला प्रश्न येतो: ‘ज्यांनी या प्रवासाला कंटाळून नोकरी सोडली, त्या सकाळी आठला फलाटावर भेटतील कशा?’

हा आक्षेप वर्मी लागणारा आहे. ज्या जागी नमुना गोळा केला, तिथे नोकरी सोडलेली बाई असूच शकत नाही. दोनशेच्या जागी दोन हजार मुलाखती घेतल्या असत्या, तरी ही उणीव भरून निघाली नसती. इथे कबुलीच द्यायला हवी, आणि ती पूर्ण द्यायला हवी. काय मान्य, त्यामुळे काय पडतं आणि काय उरतं, हे तिन्ही तिने सांगायला हवं. ‘माझ्या नमुन्यात नोकरी सोडलेल्या स्त्रिया नाहीत, हे मान्य. त्यामुळे “नोकरी सोडत नाहीत” हा वाक्याचा पूर्वार्ध टिकत नाही. तो मी निष्कर्षातून आणि सारांशातून काढते. उरतं ते इतकंच, की नोकरी टिकवलेल्या स्त्रिया प्रवासाभोवती दिवस आखतात.’ अशी कबुली दिली की नुकसान कुठवर गेलं याची रेघ विद्यार्थिनी स्वतः आखते. नुसतं ‘बरोबर आहे सर’ म्हटलं, तर ती रेघ परीक्षक आखतात आणि उत्तरार्धही संशयात सापडतो.

दुसरा प्रश्न: ‘तुम्ही एका बाजूचा प्रवास दोन तासांहून अधिक दाखवलाय. जलद लोकल तर सव्वा तासाच्या आसपास सीएसएमटीला पोचते. आकडा फुगवलाय का?’

सूर आरोपाचा असला, तरी इथे मान्य करण्यासारखं काही नाही. तिसऱ्या प्रकरणात तिने प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत धरला आहे. त्यात रिक्षाची रांग आली, पाय ठेवायला जागा नाही म्हणून सोडून दिलेली गाडी आली आणि उतरल्यावरची बस किंवा पायपीटही आली. तिने पान उघडून व्याख्या वाचून दाखवावी आणि तक्त्याच्या शीर्षकात ‘दारापासून दारापर्यंत’ हे शब्द घालते म्हणून सांगावं. शब्द वाढले, विधान तेच राहिलं. हा खुलासा.

मात्र खुलाशाला एक अट आहे: जे स्पष्ट करायचं ते प्रबंधात आधीपासून असलं पाहिजे. पानाचा क्रमांक देता येत नसेल, तर तो खुलासा नाही. पहिल्या प्रश्नावर तिने ‘“स्त्रिया” म्हणजे मला नोकरी टिकवलेल्या स्त्रियाच अभिप्रेत होत्या’ असं सांगितलं असतं, तर ती खुलाशाचा वेश घातलेली कबुली झाली असती. आपल्याकडच्या वादशास्त्राने ही पळवाट फार पूर्वी हेरली आहे. न्यायसूत्रांत वादात हार ठरणाऱ्या बावीस जागा, म्हणजे निग्रहस्थानं, सांगितली आहेत. त्यांत ‘प्रतिज्ञान्तर’ आहे: मूळ विधान अडचणीत आलं की त्याला नवी पुस्ती जोडून पुढे करणं. ‘मतानुज्ञा’ही त्याच यादीत आहे: आपला दोष न निवारता तोच दोष समोरच्याच्या पदरात टाकणं. ‘इतरांच्या प्रबंधांतही असेच नमुने असतात’ हे उत्तर त्याच जातीचं.

तिसरा प्रश्न सर्वांत खोल जातो: ‘मुलांची शाळा, पाण्याची वेळ, स्वयंपाक यांनीच बाईचा दिवस ठरतो. तुम्ही श्रेय लोकलला देताय.’

इथे ठाम उभं राहायला आधार आहे. समजा, तिने डोंबिवलीतच शाळेत किंवा बँकेत काम करणाऱ्या स्त्रियांचा दुसरा गट घेतला आहे. दोन्ही गटांत मुलांची वयं आणि घरातली माणसं सारखी ठेवली आहेत. तरी पहिल्या गटाचा स्वयंपाक सहाच्या आत उरकतो आणि दुसऱ्याचा तसा उरकत नाही. तिचं उत्तर असं असावं: ‘घरकामाचा भार दोन्ही गटांवर आहे, म्हणून फरकाचं कारण घरकाम असू शकत नाही. दोन्ही गटांच्या वेळा सारख्या आल्या असत्या, तर माझं विधान पडलं असतं. त्या सारख्या नाहीत, म्हणून मी ते मागे घेत नाही.’ काय दिसलं असतं तर आपण हरलो असतो, हे सांगता आलं की समर्थनाला बळ येतं. ते सांगता येत नसेल तर उरतो तो हट्ट. आणि समर्थन पुराव्याच्या हद्दीत राहायला हवं. या तुलनेतून दिवसाच्या वेळापत्रकाविषयी बोलता येतं. घरातल्या ताणाविषयी नाही.

ज्येष्ठांसमोर असं ठाम राहणं उद्धटपणाचं वाटतं. त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाची हकिगत आठवावी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. धनंजय कीर यांच्या चरित्रानुसार आंबेडकरांनी मांडणी सौम्य केली, निष्कर्ष मात्र कायम ठेवले. 1923 मध्ये तो मान्य होऊन पुस्तकरूपाने आला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद उघडपणे नोंदवले. सुराबाबत माघार, निष्कर्षाबाबत नाही, असं दोन्ही एकाच प्रबंधात करता येतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात. त्यांच्या अहवालातले आक्षेप आधी हाती आले असतील, तर प्रत्येक आक्षेपापुढे संबंधित वाक्याचं पान लिहावं आणि त्याखाली ‘काढते’, ‘शब्द घालते’ किंवा ‘तसंच ठेवते’ असं एक क्रियापद लिहावं. क्रियापद सुचत नसेल, तर प्रश्न अजून समजलेला नाही; तो आपल्या शब्दांत परत मांडून ‘हेच विचारताय ना?’ असं विचारावं. सगळीकडे ‘तसंच ठेवते’ आलं, तर प्रबंध पुन्हा वाचायला हवा. सगळीकडे ‘काढते’ आलं, तर भिडेपोटी आपण चांगली विधानंही सोडून देतो आहोत.

प्रबंधाची प्रत पुढे ‘शोधगंगा’वर जाते. कल्याणची एखादी विद्यार्थिनी काही वर्षांनी तोच विषय घेईल, तेव्हा तिला त्या दिवशीचा शिष्टाचार दिसणार नाही, छापलेलं वाक्य दिसेल. ‘नोकरी सोडत नाहीत’ हे तसंच राहिलं, तर नोकरी सोडलेल्या स्त्रियांना शोधायला ती जाणारच नाही. ते काढलं असेल, तर तिचं काम नेमकं तिथूनच सुरू होईल.